गोळीसोबत इंजेक्शन का?

पायाच्या शिरेत गुठळी झालेल्या रुग्णास वॉरफरिनची गोळी सुरू करताना हेपरिनचे इंजेक्शनही देतात. वॉरफरिन रक्त गोठवणाऱ्या घटकांसोबतच गोठणे आवरणाऱ्या ‘प्रोटीन सी’चीही निर्मिती रोखते. प्रोटीन सी सुमारे 8 तासांत निम्मे होते. प्रोथ्रॉम्बिनला सुमारे 60 तास लागतात. त्यामुळे आरंभी रक्त उलट अधिक गोठू पाहते. हेपरिन रक्तातील अँटिथ्रॉम्बिनला बळ देऊन हा तोल सांभाळते. म्हणून किमान 5 दिवस, आणि आयएनआर 24 तास 2 वर टिकेपर्यंत, इंजेक्शन थांबवीत नाहीत. जुनी गुठळी मात्र शरीरातील प्लाझ्मिनच हळूहळू विरघळवते.

हेपरिन डुकराच्या आतड्यापासून मिळते. प्राणिज औषध वर्ज्य असल्यास कृत्रिम फोंडापॅरिनक्सविषयी डॉक्टरांना आधीच विचारावे. तेही अँटिथ्रॉम्बिनद्वारेच कार्य करते.