बीएमआय ‘नॉर्मल’, तरी साखर वाढलेली? उंचीएवढी सुतळी निम्मी करून कमरेला लावून पाहा

रत्नागिरी तालुक्यातल्या एखाद्या वाडीत आशाताई तिशी ओलांडलेल्यांचा ‘सीबॅक’ फॉर्म भरायला येतात. तंबाखू, दारू, व्यायाम, घरात कुणाला मधुमेह आहे का, हे विचारून झालं की त्या टेप काढून कमरेचा घेर मोजतात. या घेराला फॉर्ममध्ये गुण आहेत. बाईचा घेर ८० सेंटीमीटरपर्यंत असेल तर शून्य, ८१ ते ९० असेल तर एक आणि त्याच्या पुढे दोन. पुरुषांसाठी हेच आकडे ९० आणि १०० आहेत. एकूण गुण चारच्या वर गेले की त्या व्यक्तीला तपासणीसाठी आधी पाठवायचं.

म्हणजे सरकारी यंत्रणेने वजनकाट्याऐवजी टेपवर भरवसा ठेवला आहे. तो योग्यच आहे. मात्र त्यात एक गोष्ट राहून गेली आहे, ती म्हणजे माणसाची उंची.

पुण्याचे डॉक्टर, लंडनचे डॉक्टर

टेप का, याचं उत्तर पुण्यातच सापडतं. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो आणि स्वतःचीच मोजमापं छापली. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. म्हणजे कुठल्याही तक्त्यानुसार दोघेही ‘नॉर्मल’. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. दोघांच्याही आडनावाची सुरुवात ‘वाय’ने होते, म्हणून या लेखाला ‘वाय-वाय पॅरॅडॉक्स’ असं नाव पडलं.

बीएमआय म्हणजे किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. हे सूत्र १९व्या शतकातल्या केटले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाचं. त्याला लोकसंख्येचा ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता, रोगी नव्हे. सूत्रात वजन येतं, पण ते वजन हाडांचं, स्नायूंचं की पोटाच्या चरबीचं, हे त्याला कळत नाही. भारतीयांच्या बाबतीत ही अडचण मोठी ठरते. सारख्याच बीएमआयला आपल्याकडे युरोपीय लोकांपेक्षा स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, आणि ती पोटात जास्त साठते. ही ठेवण जन्मापासूनच दिसते. याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. तरीही आपल्या बाळांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. हातपाय बारीक आणि चरबी शाबूत, म्हणून त्यांना ‘थिन-फॅट’ बाळं म्हटलं गेलं.

पोटातली, म्हणजे आतड्यांभोवतीची आणि यकृतातली चरबी जास्त त्रासदायक असते. तिथली चरबी सुटली की रक्तवाहिनीतून ती थेट यकृताकडे जाते. यकृत इन्सुलिनला दाद देईनासं होतं आणि साखर, ट्रायग्लिसराइड वाढू लागतात. मांडीवरची चरबी असा त्रास सहसा देत नाही.

मिरकरवाड्याचा माणूस आणि ऑफिसातला माणूस

दोन काल्पनिक माणसं घेऊ. दोघांची उंची १६५ सेंटीमीटर, म्हणजे साधारण पाच फूट पाच इंच. एक जण मिरकरवाडा बंदरात मासळीचे क्रेट चढवतो-उतरवतो. त्याचं वजन ७२ किलो, घेर ८० सेंटीमीटर. बीएमआय येतो २६.४. भारतीय निकषांनुसार २३च्या वर जास्त वजन आणि २५च्या वर लठ्ठपणा, म्हणजे हा गडी कागदावर लठ्ठ. दुसरा दिवसभर खुर्चीत बसतो. वजन ६२ किलो, बीएमआय २२.८, कागदावर एकदम ठीक. पण त्याचा घेर ९४.

आता घेराला उंचीने भागा. बंदरावरच्या माणसाचं उत्तर ०.४८, ऑफिसातल्याचं ०.५७. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार ०.४ ते ०.४९ ठीक, ०.५ ते ०.५९ म्हणजे धोका वाढलेला आणि ०.६ पासून पुढे जास्त धोका. वाक्य सोपं आहे: घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा. बाई-पुरुष दोघांना हाच नियम. आधी साखर तपासायची गरज कुणाला आहे, हे इथे बीएमआयने उलटंच सांगितलं.

फॉर्मबद्दलची तक्रार इथेच येते. १४८ सेंटीमीटर उंचीच्या बाईचा घेर ७९ असेल तर तिला शून्य गुण, पण तिचं गुणोत्तर ०.५३. तिच्या १६६ सेंटीमीटर उंच जावेचा घेर ८२ असेल तर तिला एक गुण, आणि गुणोत्तर ०.४९. आपल्याकडे बुटक्या बायका काही कमी नाहीत. उंची एकदा लिहून ठेवली की पुढच्या प्रत्येक भेटीत नुसता घेर मोजायचा आहे. फॉर्ममध्ये हा एक रकाना वाढवायला हवा.

टेप नेमकी कुठे लावायची?

पँटचा नंबर म्हणजे घेर नव्हे. पोट सुटलं की पट्टा खाली सरकतो, आणि ३८ इंची पोटाचा माणूस ३४ची पँट आरामात घालतो. परकराची नाडी जिथे बसते, तीही जागा नव्हे. कुशीला बोटांनी चाचपून शेवटची बरगडी शोधा, मग कमरेच्या हाडाची वरची कड. या दोन्हींच्या बरोबर मधोमध टेप लावायची, कपड्यांवरून नाही. ती पाठीमागे खाली झुकलेली नसावी. श्वास सहज सोडून झाला की आकडा वाचायचा. पोट आत ओढायचं नाही. जेवण झाल्या झाल्या मोजू नये.

टेप नसेल तर सुतळी घ्या. भिंतीला टेकून उभं राहून डोक्यापासून टाचेपर्यंत ती कापा, निम्मी दुमडा आणि त्याच जागी कमरेला गुंडाळा. टोकं एकमेकांना भिडली नाहीत, तर गुणोत्तर ०.५च्या वर आहे.

टेप एखाद-दोन सेंटीमीटरने सहज चुकते. त्यामुळे आठवड्यात एक सेंटीमीटर घटला म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. दोनदा मोजून सरासरी घ्या आणि महिन्यातून एकदाच मोजा. तीन-चार महिन्यांत तीन-चार सेंटीमीटर सातत्याने कमी झाले, तर तो बदल खरा. नियमित चालणं सुरू केल्यावर वजन हललं नाही तरी घेर उतरू शकतो, आणि काट्यावरच नजर ठेवणारे नेमके तिथेच कंटाळून थांबतात.

बीएमआय मग रद्दी का?

नाही. कुपोषण ओळखायला तोच लागतो. १८.५च्या खालचा बीएमआय असलेल्या बाईचं गुणोत्तर छान दिसेल, पण ती अशक्तच असेल. उलट बीएमआय ३५च्या पुढे गेला असेल तर धोका उघडच असतो, टेप फारसं नवीन सांगत नाही. गरोदरपणात आणि यकृताच्या आजाराने पोटात पाणी झालं असताना घेर मोजून उपयोग नाही. वयामुळे पाठीला बाक आला की उंची घटते आणि गुणोत्तर उगाच फुगतं, म्हणून आजी-आजोबांच्या आकड्याचा अर्थ डॉक्टरांकडूनच लावून घ्यावा.

सुतळी अपुरी पडली म्हणजे मधुमेह झाला, असं नाही. मात्र वय तिशीपुढे असेल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात जाऊन रक्तदाब आणि साखर तपासून घ्यायची. घरात आईला किंवा वडिलांना मधुमेह असेल, तर पुढच्या वाढदिवसाची वाट न पाहता.