रात्री दीडचा विनोद



आमच्या घरातल्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा रात्री एक वाजून दहा मिनिटांनी सुनेने एक मीम टाकले. वर लिहिलेले, ‘आज दहालाच झोपणार.’ खाली डोळे विस्फारून बसलेले घुबड आणि घड्याळात तीन. पहाटे मी फोन उघडेपर्यंत खाली नऊ जणींनी लिहिले होते, ‘मी पण!’

मी ते तीनदा वाचले. यात विनोद कुठे आहे? चुटक्याच्या शेवटी काहीतरी अनपेक्षित असते. इथे शेवट सगळ्यांना आधीच माहीत आहे. हसू येते ते ‘माझेही असेच’ एवढ्यावर. वेळेवर झोपणाऱ्या बाईला हे मीम कळतही नाही. हसायला आधी अपराधी असावे लागते.

माझा आक्षेप जागण्यापेक्षा या हसण्यावर जास्त आहे. आपण प्रतिक्रमण करतो तेव्हा चूक उच्चारतो, आणि पुढे पच्चक्खाणही घेतो. इथे चूक उच्चारली, नऊ जणींनी ‘मी पण’ म्हटले, आणि टोचणी संपली. ज्या टोचणीने उद्याची रात्र बदलली असती, ती वाटून घेतल्यामुळे हलकी झाली. उद्या पुन्हा घुबड.

शिवाय ही मीम दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतात. अंथरुणावर पडूनही झोप न येणे हा त्रास आहे, तो आठवड्यांमागून आठवडे टिकला तर डॉक्टरांना दाखवावा. झोपायलाच न जाणे हे निराळे. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये त्याची व्याख्या केली: बाहेरचे काही कारण आडवे येत नसताना ठरवलेल्या वेळी झोपायला न जाणे. तान्ह्या बाळाची आई किंवा रात्रपाळीची नर्स यात येत नाही.

पण मग कारण नसताना का जागायचे? याचे उत्तर एका चिनी शब्दात आहे. त्याचा अर्थ साधारण ‘सूड म्हणून जागणे’. 2020 मध्ये डॅफ्नी ली या पत्रकार बाईंनी तो ट्विटरवर समजावला आणि जगभर पसरला. दिवसावर ज्यांचा ताबा नसतो, ते रात्री थोडे स्वातंत्र्य परत मिळवायला जागतात. हे वाचले आणि मी वही काढली. बी.कॉम. झाल्यापासून हिशोब मांडल्याशिवाय मला काही पटत नाही.

सून पावणेसहाला उठते. डबे, ऑफिस, सात वाजता घरी. आम्ही दोघे सूर्यास्ताआधी जेवतो, ती आणि मुलगा नऊला. म्हणजे स्वयंपाकघर दोनदा मांडायचे, दोनदा आवरायचे. दुसऱ्यांदा ओटा पुसून होतो तेव्हा साडेदहा वाजलेले असतात. त्यानंतर दीडपर्यंतचे तीन तास तिचे. झोप उरते सव्वाचार तास. मोठ्या माणसाला निदान सात हवेत. रोजची तूट पावणेतीन तास, पाच दिवसांची पावणेचौदा. शनिवार-रविवारी ती नऊपर्यंत झोपते, त्यात मिळून जेमतेम एक तास भरून निघतो. बाकी पावणेतेरा तास पुढच्या आठवड्याच्या खात्यावर. वहीतली ही बेरीज शरीर अगदी अशीच मांडत नसेल, पण तूट कुठून येते ते मला दिसले.

ती तूट फोनमधून येत नव्हती. पहाटेपासून साडेदहापर्यंत त्या मुलीला स्वतःचा एक तास नव्हता, आणि त्यातला दुसरा ओटा माझ्या घराच्या पद्धतीमुळे होता. तक्रार घराविरुद्ध होती. मीमने तिला विनोदाचे कपडे घातले आणि दोष तिच्याच माथी मारला: बघा, मी किती आळशी, मला वेळेवर झोपता येत नाही.

मी तिला विचारले, “अगं, रात्री काय बघतेस इतका वेळ?”

ती म्हणाली, “काहीच नाही, आई. फक्त कोणी हाक मारत नाही.”

आता त्यांची भाजी मी आमच्याबरोबरच दुपारी करून ठेवते. रात्रीचे वाढणे आणि ओटा मुलाकडे. पहिले चार दिवस त्याने कुरकुर केली. साडेसात ते साडेआठ सून तिच्या खोलीत, दार लोटून, आणि त्या तासात तिला कोणी हाक मारायची नाही. रोज जमते असे नाही, पण बहुतेक रात्री ती साडेअकराला झोपते. सव्वासहा तास. सात अजून झालेले नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी असे घुबड आले की ‘मी पण’ लिहू नका. पाठवणारीला विचारा, दिवसातला तुझा तास कोणता? आणि ती तुमच्याच घरातली असेल, तर आधी तुमचा ओटा रात्री कोण पुसते ते बघा.