मिठीचे पाणी थांबणार कुठे?

पर्यावरणशास्त्राच्या प्रकल्पवहीत बहुतेक मुलांनी एक वाक्य लिहिलेले असते: ‘कांदळवने पुरापासून शहराचे रक्षण करतात.’ शिक्षक गुण देतात आणि विषय पुढे सरकतो. वाक्य चूक नाही. पण हे रक्षण होते कसे, असे विचारले तर मुलांनाच काय, मोठ्यांनाही सांगता येत नाही. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर समुद्राचे पाणी अडवणारी झाडांची भिंत असते. वादळाच्या लाटांपुरती ती कल्पना बरीचशी खरी आहे. मुंबईच्या पावसाळी पुराला मात्र ती लागू पडत नाही. हा पूर समुद्रातून येत नाही, तो आकाशातून पडतो आणि समुद्राकडे जाताना वाटेत अडतो.

२६ जुलै २००५ हा दिवस कुर्ला, कलिना, धारावी, वांद्रे इथल्या लोकांना वेगळा सांगायला नको. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि त्यातला फार मोठा भाग दुपारनंतरच्या काही तासांत पडला. त्याच दुपारी समुद्राला साडेचार मीटरच्या आसपास भरती होती. शहराची जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली. म्हणजे वरून पाणी कोसळत होते आणि खाली माहीमच्या खाडीचे तोंड भरतीने बंद केले होते. भरती ओसरायला सहा तास लागतात. त्या सहा तासांत नदीच्या पाण्याने कुठेतरी थांबायचे असते. त्याला थांबायला मोकळी जागा असली तर ते तिथे पसरते, नसली तर ते क्रांतीनगरच्या घरांत शिरते.

ही थांबायची जागा म्हणजे खाडीकाठची पाणथळ जमीन: चिखलाचे सपाट पट्टे, त्यावरची तिवरे, मागची मिठागरे. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून निघते आणि सुमारे १८ किलोमीटर वाहून माहीमला समुद्राला मिळते. तिच्या शेवटच्या टप्प्यात असा रुंद, सखल पट्टा होता. आज तिथे वांद्रे-कुर्ला संकुल उभे आहे. १९७७ साली एमएमआरडीएकडे या भागाच्या नियोजनाचे अधिकार आले आणि मिठी, वाकोला नाला व माहीमची खाडी यांच्या काठची सुमारे ३७० हेक्टर सखल जमीन टप्प्याटप्प्याने भराव घालून उंच करण्यात आली.

यात किती पाण्याची जागा गेली याचा ढोबळ हिशेब कुणालाही करता येईल. एक हेक्टर जमिनीवर एक मीटर उंच पाणी साठले तर ते दहा हजार घनमीटर होते, म्हणजे एक कोटी लिटर. ३७० हेक्टरवर सरासरी एक मीटर भराव धरला तर ३७ लाख घनमीटर पाण्याची जागा गेली. मिठीचे पाणलोट क्षेत्र सुमारे सात हजार हेक्टरचे आहे. त्यावर २६ जुलैइतका पाऊस पडला तर साडेसहा कोटी घनमीटरच्या वर पाणी होते. त्यापुढे ३७ लाख म्हणजे जेमतेम अठरावा हिस्सा. तेव्हा ‘तिवरे असती तर २६ जुलै झालाच नसता’ असे जे म्हटले जाते ते मला पटत नाही. कांदळवनांची बाजू घेणाऱ्यांनी असे बोलून स्वतःचीच बाजू लंगडी करू नये.

पण मुंबईत दरवर्षी २६ जुलै येत नाही. दरवर्षी येतो तो दोन-तीन तासांत शंभर मिलिमीटर पडणारा पाऊस. त्याचे त्याच पाणलोटातले पाणी होते सुमारे ७० लाख घनमीटर. आता ३७ लाखांची जागा निम्म्याहून अधिक पाणी सामावू शकते. अर्थात भरती पुरी चढलेली असेल तर पट्टा आधीच समुद्राच्या पाण्याने भरलेला असतो आणि ही जागा उरत नाही, म्हणून हा हिशेब दर वेळी पूर्ण लागू होणार नाही. तरीही भरती चढत असताना आणि उतरत असताना ती जागा कामी येते. शाळेला सुट्टी, लोकल बंद, घरात गुडघाभर पाणी हे जे दरसालचे दुखणे आहे, त्यात या जागेचा फरक पडतो.

याहून मोठे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. चिखलाच्या पट्ट्यांवर दिवसातून दोनदा समुद्राचे पाणी चढते आणि दोनदा उतरते. पट्टा जितका मोठा, तितके जास्त पाणी ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडातून जोराने बाहेर पडते. हा जोरच खाडीचे तोंड घासून खोल ठेवतो, गाळ बाहेर नेतो. पट्ट्यावर भराव पडला की खाडीत येणारे आणि जाणारे पाणी कमी होते, ओहोटीची धार मंदावते आणि गाळ तिथेच बसू लागतो. माहीमचे तोंड तर १८४५ साली कॉजवे झाला तेव्हापासूनच आवळलेले आहे. मग पावसाळ्यापूर्वी गाळ काढण्याचे कंत्राट निघते, पुढच्या वर्षी पुन्हा निघते. समुद्र जे काम दिवसातून दोनदा फुकट करत होता ते आपण यंत्रे लावून वर्षातून एकदा करतो. २००५ नंतर मिठी रुंद आणि खोल केली, दोन्ही बाजूंना भिंती बांधल्या. रुंदीकरणाची गरज होतीच. पण भिंतीने नदी आणि तिचा उरलासुरला सखल काठ यांची ताटातूट केली, आणि पाणी पसरण्याऐवजी भिंतीतल्या भिंतीत चढू लागले.

आता पाणी गाळण्याबद्दल. तिवराच्या चिखलात पेन्सिलीसारखी उभी मुळे हजारोंनी वर आलेली असतात. झाड त्यांतून श्वास घेते, कारण खालच्या चिखलात प्राणवायू नसतो. या मुळांच्या दाटीत पाण्याचा वेग मोडतो आणि त्यातली माती खाली बसते. मातीच्या कणांना चिकटलेले फॉस्फेट आणि जड धातूही तिच्याबरोबर बसतात. प्राणवायू नसलेल्या चिखलातले जिवाणू सांडपाण्यातल्या नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात आणि तो हवेत निघून जातो. नायट्रोजनची अशी खरोखर सुटका होते. धातूंची होत नाही. ते चिखलात गंधकाशी जखडून पडून राहतात. तोच चिखल उद्या पोकलेनने उकरला की ते पुन्हा मोकळे होतात. म्हणजे कांदळवन हे काही बाबतीत गाळणी आहे आणि काही बाबतीत तिजोरी, आणि तिजोरी फोडायची नसते.

या कामालाही मर्यादा आहे. मिठीत आज नदीचे पाणी कमी आणि शहराचे सांडपाणी जास्त. तिवर सोशिक झाड आहे, म्हणून मुंबईच्या घाण खाड्यांत तेच सगळ्यात जास्त दिसते. पण एवढ्या मैल्याचा निकाल त्याने लावावा ही अपेक्षा गैर आहे. सांडपाणी आधी प्रक्रिया केंद्रात जायला हवे आणि उरलेसुरले झाडांकडे. प्लास्टिकच्या पिशव्यांचा थर श्वास घेणाऱ्या मुळांवर बसला तर झाड गुदमरते, मग गाळणीही गेली आणि झाडही.

२००५ नंतर पुराचा दोष कुणावर आला हे आपण पाहिले आहे. मिठीकाठच्या झोपड्या अतिक्रमण ठरल्या आणि हजारो कुटुंबे हलवली गेली. त्यांत कुर्ला-धारावीकडची आपली माणसे होती, दलित होते, उत्तरेतून आलेले मजूर होते. नदीच्या पात्रात घर असू नये हे मला मान्य आहे. मात्र पात्रात शिरलेली दहा बाय पंधराची खोली आणि खाडीकाठी घातलेला शेकडो हेक्टरचा भराव यांना एकच मोजपट्टी लावा. पाण्याला मालकाचे नाव कळत नाही, त्याला फक्त किती घनमीटर जागा गेली तेवढे कळते. कागदावर मात्र पहिल्याला अतिक्रमण म्हणतात आणि दुसऱ्याला नियोजन.

कायदा नाही असे नाही. ६ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवने तोडण्यावर बंदी घातली. सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात त्यांचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे असे सांगितले आणि भोवतालचा ५० मीटरचा पट्टाही राखायला लावला. पण झाड मारायला कुऱ्हाड लागत नाही. पट्ट्यात भरतीचे पाणी आणणाऱ्या नाल्याच्या तोंडावर रात्री दोन-चार डंपर डेब्रिज टाकले की काम होते. पाणी आत यायचे बंद होते, चिखल सुकून भेगाळतो, नाहीतर आतले पाणी कोंडून मुळे सतत बुडालेली राहतात. आधी पाने पिवळी पडतात, मग शेंडे वाळतात. पुढे ‘इथे कांदळवन नाही’ असा अहवाल द्यायला मोकळे. म्हणून तुमच्या भागात तिवरे वाळताना दिसली तर झाडाकडे नंतर पाहा, आधी पाणी येण्याची वाट शोधा. भरतीच्या वेळी जाऊन पाणी आत शिरते की नाही हे पाहिले आणि त्याचा तारखेसह फोटो काढला तर तो पुरावा होतो. डेब्रिज वेळेत हटवले तर पट्टा स्वतःच सावरतो. पाण्याबरोबर बिया येतात, वेगळी लागवड करावी लागत नाही.

आणि मोठ्या प्रकल्पांसाठी झाडे तोडल्यावर ‘दुसरीकडे दुप्पट लावू’ असे जे सांगितले जाते, त्यात झाडांची संख्या मोजली जाते, पाण्याची जागा नाही. पालघरच्या खाडीत लावलेली दहा हजार रोपे पालघरचे भले करतील. कुर्ल्याच्या पुरातले एक बादली पाणीही ती धरणार नाहीत.

मिठागरांचे तर त्याहून अवघड. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांतून मिठागरे वगळलेली आहेत. पावसाळ्यात तिथे मीठ पिकत नाही, बांधांच्या आत पाणी साठते, म्हणजे नेमके पाणथळ जागेचेच काम होते, तरी कागदावर ती पाणथळ नाहीत. २०२४ मध्ये राज्य सरकारने मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग या पट्ट्यातली २५५.९ एकर मिठागराची जमीन धारावी पुनर्विकासात अपात्र ठरणाऱ्यांच्या भाड्याच्या घरांसाठी घेण्याचे ठरवले. म्हणजे मिठीच्या काठची माणसे उचलून ठाणे खाडीच्या काठी, दुसऱ्या एका पाण्याच्या जागेवर न्यायची. ती घरे कोरडी राहावीत म्हणून तिथे भराव घालावा लागेल, आणि त्या भरावाने हटवलेले पाणी शेजारच्या कांजूर-भांडुपच्या वस्त्यांत जाईल. भराव किती उंचीचा असेल, किती घनमीटर पाणी हटेल आणि ते कुठे थांबेल, हे तीन आकडे बांधकामाच्या परवानगीआधी जाहीर करा, एवढी मागणी धारावीकर आणि भांडुपकर यांनी मिळून करायला हवी. आज त्यांना एकमेकांविरुद्ध उभे करणे फार सोपे आहे.