फरकाचा आकडा मोठा म्हणून संस्था चांगली ठरत नाही



दिवाळी जवळ आली की गावोगावच्या दूध संस्थांसमोर एकच विषय निघतो, यंदा फरक किती? शेजारच्या गावात शेकडा पाच रुपये मिळाला आणि आपल्याकडे तीनच, म्हणजे आपली कमिटी नालायक, असा हिशेब लोक लगेच करून मोकळे होतात. या मोजमापाला माझा विरोध आहे. फरक कसा वाटला हे विचारण्याआधी तो कुठून आला हे विचारले पाहिजे. आमच्या संस्थेच्या सचिवांनी गेल्या वार्षिक सभेत नेमके हेच केले. ते इतर गावांतील सभासदांनाही कळावे म्हणून हे पत्र.

सभेत फळ्यावर त्यांनी आधी वर्षाचा वाढावा लिहिला: लेखापरीक्षणानंतर उरलेले 6 लाख रुपये. (आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी पूर्णांकात देतो.) संघाकडून प्रतिलिटर दराने येणारा फरक यात नाही. म्हशीच्या दुधाचा म्हशीला, गाईच्या दुधाचा गाईला, तसा तो पुढे जातो. हे 6 लाख संस्थेचे स्वतःचे. त्यातला चौथा हिस्सा, म्हणजे दीड लाख, सर्वात आधी राखीव निधीला गेला. एका तात्यांनी विचारले, "आमचा पैसा तिथं का अडकवायचा?" सचिव म्हणाले, "तात्या, ते कमिटीच्या हातात नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 66 प्रमाणे निव्वळ नफ्याचा किमान चौथा भाग राखीव निधीत ठेवावाच लागतो. सभासद संस्था सोडून गेला तर त्याला भागाची रक्कम परत मिळते, या निधीतला हिस्सा मिळत नाही. तो संस्थेचा."

मग भागांवरचा लाभांश. कायद्याने त्याला 15 टक्क्यांची मर्यादा आहे, आम्ही 10 टक्के दिला. 2 लाखांच्या भागभांडवलावर तो 20 हजार झाला. इमारत निधी आणि नोकरांचा बोनस मिळून 70 हजार. उरले 3 लाख 60 हजार. वर्षभरात सभासदांना दुधापोटी दिलेली रक्कम 1 कोटी 20 लाख. म्हणजे शेकडा तीन रुपये.

वाद पेटला तो इथे. गाईवाले म्हणाले, लिटरमागे वाटा. 3 लाख लिटर दूध आले, म्हणजे लिटरला सव्वा रुपयाच्या आसपास, अगदी मोजले तर 1 रुपया 20 पैसे. सचिवांनी लगेच दोन घरांचा हिशेब मांडला. एका काकूंकडे दोन म्हशी, वर्षाला 2,000 लिटर, बिल 1 लाख 12 हजार. एका भावांकडे गाई, 5,000 लिटर, बिल 1 लाख 65 हजार. लिटरमागे वाटले तर काकूंना 2,400 आणि भावांना 6,000. रकमेवर वाटले तर काकूंना 3,360 आणि भावांना 4,950. संघ पैसे देतो ते फॅट आणि एसएनएफ पाहून, तेव्हा संस्थेच्या उत्पन्नात ज्याच्या दुधाचा जेवढा वाटा, तेवढाच परताव्यात. मला हे पटते. म्हशीच्या लिटरातून आलेला पैसा गाईच्या लिटराच्या नावावर टाकणे न्याय्य नाही. आणि दूध घालणेच बंद केलेल्या सभासदांनी समान वाटणीची मागणी केली, ती तर ऐकण्यासारखीही नव्हती. त्यांना भागावर लाभांश मिळतो, तो पुरे.

बऱ्याच गावांत सभा इथेच संपते आणि लोक पेढे खाऊन घरी जातात. आमच्या सचिवांनी दुसरा कागद काढला, दूध खरेदी-विक्रीचा. सभासदांकडून घेतलेल्या दुधापेक्षा संघाला गेलेले आणि गावात किरकोळ विकलेले दूध मिळून 5,500 लिटर जास्त भरत होते. दूध कुठे आपोआप वाढते का? संघाकडे किलोत मोजले जाते आणि आपल्याकडे लिटरात, म्हणून कधी कधी खोटी वाढ दिसते. एक लिटर दूध साधारण 1 किलो 30 ग्रॅम भरते. तो फरक काढूनच त्यांनी 5,500 धरले होते.

ही वाढ काट्यातून आली होती. आमचा काटा 100 मिलिलिटरच्या टप्प्याने आकडा दाखवतो आणि वरचे दूध सोडून देतो. 2 लिटर 790 भरले तरी वहीत 2 लिटर 700. प्रत्येक खेपेला सरासरी 50 मिलिलिटर जाते. दीडशे सभासद, सकाळ-संध्याकाळ, वर्षभर, म्हणजे जवळपास साडेपाच हजार लिटर. चाळीस रुपये सरासरी दराने ही रक्कम सुमारे 2 लाख 20 हजार होते. आमच्या 6 लाखांच्या वाढाव्यातला तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भाग संस्थेने कमावलाच नव्हता, तो सभासदांच्या किटलीतून उतरला होता.

यातली अन्यायाची गोष्ट पुढे आहे. खेपेला 50 मिलिलिटर सगळ्यांचे सारखेच जाते, मग तीन लिटर घाला की वीस. त्या काकूंचे वर्षाला साधारण 36 लिटर गेले, म्हणजे 2,000 रुपये. त्यांना फरक मिळाला 3,360. दिवाळीची भेट म्हणून हातात आलेल्या पैशातले निम्म्याहून जास्त त्यांचेच होते, तेही वर्षभर अडकलेले. मोठ्या उत्पादकाचेही तेवढेच लिटर जातात, पण त्याच्या बिलात ते जाणवत नाहीत आणि फरकात त्याला वाटा मोठा मिळतो. रकमेवर केलेली वाटणी बरोबर असूनही लहान उत्पादकाच्या खिशातून मोठ्याच्या खिशात पैसा जातो, तो असा.

सभेने 10 मिलिलिटरपर्यंत दाखवणारा काटा घेण्याचा ठराव केला. सचिवांनी त्याच वेळी स्पष्ट सांगितले की पुढच्या वर्षी फरक कमी दिसेल आणि कुणी कुरकुर करू नये. कुरकुर होणारच. शेजारच्या गावाचा पाच रुपयांचा आकडा पुन्हा तोंडावर फेकला जाईल. अशा वेळी कमिटीने डगमगू नये, एवढे सभासदांनी पाहावे, कारण काट्याचा पैसा दहा दिवसांच्या बिलात मिळणे हे दिवाळीला मिळण्यापेक्षा कधीही चांगले. वैरण आणि पेंड उधारीवर घ्यावी लागते ती दर महिन्याला.

फॅटचेही असेच होते. संस्थेत निघालेली सरासरी फॅट आणि संघाकडे लागलेली फॅट यांत महिनोन्महिने एकाच दिशेने तफावत राहत असेल, तर त्यातूनही वाढावा तयार होतो. तो नफा म्हणून सांगितला जाऊ नये.

माझी सहकार खात्याला आणि सर्व दूध संस्थांना विनंती आहे की वार्षिक सभेच्या नोटिशीसोबत दोन आकडे फळ्यावर लावणे सक्तीचे करावे: वर्षात घेतलेल्या व विकलेल्या दुधाच्या लिटरांतील फरक, आणि संस्थेच्या व संघाच्या सरासरी फॅटमधील फरक. दोन्ही आकडे प्रत्येक सचिवाच्या दप्तरात आजही आहेत. वार्षिक सभा 30 सप्टेंबरपूर्वी होते. सभासदांनी फरक मंजूर करण्यासाठी हात वर करण्याआधी हे दोन आकडे मागावेत, आणि ते मिळेपर्यंत ठराव थांबवावा.

आपला,
एक दूध उत्पादक सभासद,
करवीर तालुका, जि. कोल्हापूर