फ्लेक्सवरचा चेहरा कोणाचाच नसतो!

लग्नसराई जवळ आली की आपल्या केळझरपासून सेलू, वर्ध्यापर्यंत एकाच छापाचे फ्लेक्स लागतात. डावीकडे काळवंडलेली, रडवेली पोरगी, उजवीकडे तीच दुधासारखी गोरी, खाली ‘फक्त १५ दिवसांत’. मोबाईलवर तर दर दहा मिनिटांनी हेच. मी स्पष्टच म्हणतो, ही जाहिरात नाही, ही थाप आहे.

थाप कशी बनते ते बघा. पहिला फोटो काढताना उजेड एका बाजूने सोडतात. बाजूच्या उजेडात प्रत्येक खड्डा, प्रत्येक फोडाची सावली पडते. दुसऱ्या फोटोला उजेड समोरून आणि मऊ, म्हणजे सावली गायब. पहिल्यात तोंड धुतलेलं, केस विस्कटलेले, चेहरा पडलेला. दुसऱ्यात फाउंडेशन, लिपस्टिक आणि हसू. उरलेलं काम संगणकावर होतं. क्रीमचा एक थेंबही न लावता हे दोन्ही फोटो एकाच दुपारी निघतात.

ओळखायचं कसं? चेहरा सोडा, बाकीचं बघा. मागची भिंत, कपडे, डोळ्यांचा पांढरा भाग दोन्ही फोटोंत सारखाच दिसतो का? भिंतसुद्धा गोरी झाली असेल तर क्रीमने नाही, उजेडाने काम केलंय. नाकाखालची सावली कुठे गेली? कान आणि मान चेहऱ्याच्याच रंगाची आहे का? गालावर एक छिद्र नाही, एक लव नाही, असं जिवंत माणसाचं कातडं असतं का हो?

कोणी म्हणेल, ‘एवढं काय त्यात, जाहिरात म्हटली की थोडं वाढवून सांगणारच.’ ‘आमच्या क्रीमचा वास मस्त’ हे वाढवून सांगणं झालं. पण आधी-नंतरचा फोटो हा पुरावा म्हणून दाखवला जातो, आणि खोटा पुरावा म्हणजे फसवणूकच. ब्रिटनमध्ये २०११ साली जाहिरात नियामकाने लोरेआलच्या दोन जाहिराती बंद केल्या, त्यातल्या एकीत ज्युलिया रॉबर्ट्स होती. परिणाम क्रीमचा की संगणकाचा, हे कंपनी सिद्ध करू शकली नाही. नॉर्वेत २०२२ पासून शरीर किंवा त्वचा बदललेल्या जाहिरातीवर तसं लिहावंच लागतं.

आपल्याकडेही नियम नाहीत असं नाही. मुंबईच्या ‘ॲस्की’ या जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्येच सांगितलं की ‘आधी’च्या फोटोतला चेहरा दुःखी, निराश दाखवू नका. केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच अक्षरात हवा. म्हणजे दावा मराठीत ठळक आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत ‘चित्र काल्पनिक’, हे चालत नाही. दिशाभूल केल्यास पहिल्यांदा १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत.

आता खरी भीती. कधी कधी ‘नंतर’चा फोटो खराच असतो! बिनलेबलच्या डबीत पारा किंवा स्टिरॉइड असलं की चेहरा दोन आठवड्यांत उजळतो आणि फोटो तेव्हाच काढतात. तिसरा फोटो कोणी लावत नाही. स्टिरॉइडने पुढे कातडी पातळ होते, लाल पडते, पुरळ येते, आणि क्रीम सोडलं की आणखी भडकते. म्हणूनच २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक क्रीम डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. पाऱ्याचं उदाहरण आपल्या विदर्भातलंच. अकोल्यातल्या एका घरात आई आणि दोन मुलींनी गोरं करणारं क्रीम वापरलं आणि तिघींच्या मूत्रपिंडाला इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कारण शोधलं, तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. २०२३ मध्ये हे पेपरात आलं होतं. मूत्रपिंडाचा फोटो कोणत्या फ्लेक्सवर असतो?

म्हणून पार्लरवाल्या ताईंना आणि फ्लेक्स छापणाऱ्या भावांना माझं सांगणं आहे. धंदा करा, पोट सगळ्यांना आहे. पण फोटो लावायचाच तर तुमच्याच गिऱ्हाइकाचा, तिला विचारून लावा. एकाच खिडकीजवळ, एकाच वेळी, तेवढ्याच अंतरावरून, बिनमेकअप काढा. तारखा टाका. फिल्टर नको. फरक थोडा दिसेल, पण खरा दिसेल. एका बाईला फरक पडला म्हणजे सगळ्यांना पडेल असं नाही, हेही मराठीतच लिहा.

आणि वाचणाऱ्यांनो, डबीवर बनवणाऱ्याचं नाव, परवाना क्रमांक आणि घटक नसतील तर हात लावू नका. खोटी जाहिरात दिसली की फोटो काढून ठेवा आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा.

सावळा रंग हा रोग नाही. मग त्याचा ‘आधी’ कशाला, अन् ‘नंतर’ कशाला?