रांग रिकामी, नोंद मात्र ‘यशस्वी’

कीड-सल्ल्याचे संदेश समाजमाध्यमांवर ठरल्या वेळी प्रसारित करण्याचे काम आता संगणकाकडे सोपवले जाते. समजा, कापसाच्या संदेशांचे वेळापत्रक जूनमध्ये तयार झाले आणि ३० सप्टेंबरला संपले. १ ऑक्टोबरच्या सकाळी संगणकाला रांग रिकामी आढळते. काहीच प्रसारित होत नाही. तरी त्रुटी न घडल्यामुळे नोंद ‘यशस्वी’ अशी होते. याच सुमारास गुलाबी बोंडअळी हिरव्या बोंडांच्या आत असते आणि बोंड फोडल्याशिवाय ती दिसत नाही. संदेश थांबला, म्हणजे कीड नाही, असा समज त्यामुळे सहज होतो.

जुने संदेश आपोआप फिरवत राहणे हा यावरील उपाय नव्हे. फुलोऱ्यातील डोमकळ्या वेचण्याचा सल्ला ऑक्टोबरमध्ये अपुरा ठरतो. तेव्हा २० हिरवी बोंडे फोडून पाहावी लागतात; त्यांपैकी दोहोंत अळी आढळली, तर १० टक्क्यांची आर्थिक नुकसान पातळी गाठलेली असते. म्हणून रिकामी रांग अपयश म्हणूनच नोंदवली जावी आणि १४ दिवसांचे संदेश उरताच कीटकशास्त्रज्ञाला सूचना मिळावी. पुढील मजकूर कामगंध सापळ्यांतील ताज्या नोंदी पाहूनच लिहावा लागतो, आणि त्यासाठी तेवढा अवधी हवा.