सीटच्या खिशातले कार्ड

आमच्या खाला पुढच्या महिन्यात उमराला निघाल्या आहेत. चिकलठाण्याहून मुंबई, तिथून जिद्दा. विमानात बसायची पहिलीच वेळ. "त्या कार्डावर नुसती चित्रे असतात म्हणे, त्यात वाचायचे काय?" असे त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, खाला, ते कार्ड डोळ्यांनी कमी आणि हातांनी जास्त वाचायचे असते.

पहिले चित्र पट्ट्याचे. बकलवर हात आणि वर जाणारा बाण. याचा अर्थ, बकलचे चपटे झाकण बोटांनी वर उचलायचे. मोटारीत आपण बटण दाबतो आणि घाबरलेला माणूस विमानातही तेच बटण शोधत बसतो. म्हणून बसल्याबरोबर पट्टा दोन-तीनदा लावून सोडून पाहावा. तो पोटावर नको, खाली कमरेच्या हाडांवर घट्ट हवा.

दुसरे चित्र मास्कचे. केबिनमधला हवेचा दाब कमी झाला की वरून पिवळा मास्क लोंबतो. तो नुसता धरून चालत नाही. तो जोरात खाली ओढल्यावरच प्राणवायू सुरू होतो. पिशवी फुगली नाही तरी घाबरू नये, प्राणवायू येत असतो. रबरी पट्टा हिजाबवरून गेला तर हरकत नाही. पण नाक आणि तोंड उघडे हवे, म्हणजे नकाब तेवढा खाली घ्यावा. चित्रातली आई आधी स्वतःला मास्क लावते, मग मुलाला. आयांना हे निष्ठुर वाटते. पण 35,000 फुटांवर शुद्ध हरपायला एखादे मिनिटही पुरते. आई बेशुद्ध झाली तर मुलाला मास्क लावणार कोण?

तिसरे चित्र लाइफ जॅकेटचे, आणि खालांनी यावरच सर्वांत जास्त प्रश्न विचारले. जॅकेट सीटखाली असते. ते डोक्यातून घालून पट्टा कमरेला बांधायचा, बुरख्याच्या आत नाही, वरून. लाल दोरी मात्र विमानाच्या दाराशी पोहोचल्यावरच ओढायची. 1996 साली अपहरण झालेले इथिओपियाचे एक विमान इंधन संपल्यामुळे कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरले. काही प्रवाशांनी जॅकेट आतच फुगवले होते. केबिनमध्ये पाणी भरल्यावर त्या जॅकेटांनी त्यांना छताकडे उचलून धरले. खाली बुडी मारून बाहेर निघणे त्यांना जमले नाही. चित्रातला दाराबाहेरचा माणूस आपल्याला हेच सांगतो.

बॅग आणि उंच टाचांच्या चपलेवर फुली मारलेली असते. बॅग वाट अडवते, टाच घसरगुंडी फाडते.

उरली दारे. आपल्या सीटपासून पुढच्या आणि मागच्या दारापर्यंत किती रांगा आहेत ते मोजून ठेवावे. धुरात दिसले नाही तरी हाताने पाठी चाचपत तेवढ्या रांगा मोजत जाता येते. मुंबईला विमान बदलले की कार्ड पुन्हा काढावे. दुसऱ्या विमानाची दारे दुसऱ्या जागी असतात.